चार चेहरे, एक उजेड

ऑगस्ट १९६३मध्ये रॉबर्ट फ्रीमन या छायाचित्रकाराने ‘विथ द बीटल्स’ या अल्बमच्या कव्हरसाठी इंग्लंडमधल्या बोर्नमथच्या एका हॉटेलात फोटो काढला. भोजनगृहाच्या खिडकीतून एका बाजूने येणारा दिवसाचा उजेड, मागे गडद पडदा, अंगात काळे गळाबंद स्वेटर. चौघांचे चेहरे अर्धे उजळले, अर्धे अंधारात बुडाले. चार वेगळे फोटो नेमके जुळवल्यासारखं ते कव्हर दिसतं, पण तो एकच फोटो आहे.

आजच्या लहान बँडचं काम याच्या उलट असतं. सिंगल प्रसिद्ध करायचंय, चौघे चार गावांत, आणि प्रत्येकाने हाताशी होता तो फोटो पाठवलेला. समजा, गायिकेचा खिडकीजवळचा, गिटारवाल्याचा ढगाळ दिवशी गच्चीवरचा, ड्रमरचा कार्यक्रमातल्या निळ्या एलईडीखालचा आणि बेसवाल्याचा हात लांब करून काढलेला सेल्फी. बहुतेक जण आधी रंग जुळवायला बसतात आणि तिथेच फसतात. रंग नंतर बदलता येतो. उजेड कुठून आला, ते बदलता येत नाही.

म्हणून आधी फोटो मोठा करून बुबुळातली चमक पाहावी. ती घड्याळातल्या दहाच्या जागी असेल, तर दिवा किंवा खिडकी फोटोत डावीकडे वर होती. नाकाची सावली मग उजवीकडे खाली पडलेली असणार. सावलीची कड पसरट असेल तर उजेड मोठ्या खिडकीचा किंवा ढगांचा. कापल्यासारखी असेल तर उन्हाचा किंवा फ्लॅशचा. गायिकेचा फोटो इथे नमुना ठरतो. गिटारवाल्याच्या चेहऱ्यावर सावली जवळजवळ नाहीच, आणि हीच सोय आहे. त्यावर पन्नास टक्के करड्या रंगाचा थर सॉफ्ट लाइटमध्ये ठेवून फोटोत उजवीकडचा गाल, हनुवटीखालचा भाग आणि मान हलक्या ब्रशने गडद करता येते. जिथे सावली नाही तिथे ती घालता येते. पडलेली ठळक सावली पुसून दुसऱ्या बाजूला नेली की चेहरा मेणाचा दिसू लागतो. उलट्या बाजूच्या उजेडाचा फोटो आडवा फिरवणं हा सोपा उपाय, पण टी-शर्टवरची अक्षरं आणि गिटारची बाजू तपासूनच; नाहीतर उजव्या हाताचा वादक डावखुरा होतो.

ड्रमरच्या फोटोचं दुखणं वेगळं आहे. निळ्या एलईडीखाली लाल चॅनेल जवळजवळ काळं पडतं आणि निळं इतकं भरतं की त्वचेचा पोतच उरत नाही. तापमानाचा स्लायडर कितीही सरकवला तरी नसलेली माहिती येत नाही. तिन्ही चॅनेल एकेक करून पाहावीत. बहुधा हिरवं वापरण्याजोगं निघतं. तेवढंच घेऊन फोटो कृष्णधवल करायचा. मात्र त्यामुळे बाकी तिघेही कृष्णधवल होणार, हे तिथेच ठरून जातं. सगळ्यांत कमकुवत फोटो कव्हरची शैली ठरवतो.

सेल्फीला मात्र माझ्या मते नकारच द्यावा. हातभर अंतरावरून नाक फुगतं, कान मागे जातात, आणि दोन मीटरवरून काढलेल्या चेहऱ्यांशेजारी ते लगेच खुपतं. त्याला खिडकी कॅमेऱ्याच्या डावीकडे ठेवून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरून, दीड-दोन मीटरवरून दुसऱ्या कुणाकडून फोटो काढून घ्यायला सांगणं तासन्‌तास दुरुस्ती करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आता चारही कृष्णधवल फोटो शेजारी ठेवून आधी काळेपणा जुळवायचा: केसांतला सर्वांत गडद भाग आणि उजळ गाल चौघांत सारखे उजळ-गडद दिसेपर्यंत कर्व्ह्‌ज हलवायचे. त्यानंतर सगळ्यांवर मिळून एकच ग्रेडियंट मॅप, म्हणजे सावल्या गडद निळ्या आणि उजळ भाग फिकट पिवळसर. चेहरे कापून नव्या पार्श्वभूमीवर ठेवले की केसांभोवती जुन्या पार्श्वभूमीची फिकट किनार राहते. मास्क एक-दोन पिक्सेल आत घेतला की ती जाते. शेवटी साऱ्यांवर एकच ग्रेन. फोनच्या आणि कॅमेऱ्याच्या फोटोंतला तीक्ष्णपणाचा फरक त्याने बराच झाकला जातो, पण आधी सगळ्यांचा तीक्ष्णपणा सर्वांत मऊ फोटोच्या पातळीला आणलेला हवा.

उजेड जुळतच नसेल तर आणखी दोन वाटा आहेत. १९७०च्या ‘लेट इट बी’वर जॉन कॉशने ईथन रसेलचे चार फोटो काळ्या चौकटींत वेगळे ठेवले, जॉर्ज हॅरिसनच्या मागची पार्श्वभूमी तर लाल आहे. चौघे एकाच जागी आहेत असा दावाच नसल्याने सावल्यांची तुलना कुणी करत नाही. ज्युलियन ओपीने २०००मध्ये ब्लरच्या ‘द बेस्ट ऑफ’साठी चौघांची चित्रं फक्त जाड काळ्या रेषा, सपाट रंग आणि डोळ्यांच्या जागी ठिपके यांवर उभी केली. तिथे उजेडच काढून टाकलाय. आपल्या ड्रमरचं हिरवं चॅनेलही गेलेलं निघालं, तर मी ओपीच्या वाटेने जाईन. चौकटींत घातला तरी बिनपोताचा चेहरा बिनपोताचाच राहतो.

वितरक साधारण ३००० बाय ३००० पिक्सेलचा चौरस मागतात, पण ऐकणाऱ्याला तो फोनच्या यादीत नखाएवढा दिसतो. म्हणून फाइल पाठवण्याआधी ६४ पिक्सेलपर्यंत लहान करून पाहावी. चारांतला एखादा चेहरा आधी नजरेत भरला, तर बहुतेक वेळा त्याचा उजळ गाल बाकीच्यांपेक्षा पांढरा राहिलेला असतो, आणि पुन्हा त्याच्या कर्व्ह्‌जकडे वळावं लागतं.