डबीच्या कडेवरचा आकडा

पुण्यातल्या कोथरूडचा एक गेमवेडा समजा. त्याच्या प्लेस्टेशन ४वर 'द विचर ३' हा गेम होता. मे २०१५मध्ये आलेला हा गेम त्याने इथल्याच दुकानातून डिस्कवर घेतला. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'हार्ट्स ऑफ स्टोन' आणि मे २०१६मध्ये 'ब्लड अँड वाइन' असे दोन मोठे विस्तार आले, तेही त्याने पैसे मोजून ऑनलाइन स्टोअरमधून उतरवले. गेमरांच्या भाषेत अशा जोडणीला डीएलसी म्हणतात. कालांतराने जागा कमी पडली म्हणून त्याने गेम उडवला आणि डिस्क मित्राला देऊन टाकली. दोन वर्षांनी पुन्हा खेळावंसं वाटलं, तेव्हा न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या मामांनी बॅगेतून तोच गेम आणला होता. डिस्क घातली, गेम सुरू झाला. दोन्ही विस्तार मात्र गायब. स्टोअर उघडून पाहिलं, तर 'खरेदी झालेली आहे' अशी नोंद समोर हजर!

पैसे गेले नाहीत आणि वस्तूही मिळत नाही, असा हा पेच. तो सोडवायचा तर विकत घेतलेली डीएलसी नेमकी कुठे 'असते' हे आधी पाहावं लागतं. ती तीन ठिकाणी असते. पहिली जागा म्हणजे सोनीच्या सर्व्हरवर खात्यापुढे केलेली नोंद: अमुक खात्याने अमुक वस्तू घेतली. दुसरी, त्या नोंदीच्या आधारे कन्सोलवर उतरलेला परवाना, म्हणजे लायसन्स. तिसरी, विस्तारातले नकाशे, आवाज, मोहिमा असलेल्या प्रत्यक्ष फाइल. गेम उडवला की फाइल जातात. कन्सोल बदलला किंवा पुसून कोरा केला, की परवानेही जातात. खात्यातली नोंद मात्र या कशानेच हलत नाही. म्हणून बहुतेक वेळा 'गायब' डीएलसी हरवलेली नसते, तीनपैकी एखादी कडी तेवढी तुटलेली असते.

सगळ्यात साधी शक्यता फाइल न उतरल्याची. पहिल्या आवृत्तीच्या डिस्कवर फक्त मूळ गेम असतो. विस्तार नंतर आले, तेव्हा ते डिस्कवर असणार कुठून? डिस्कवरून गेम पुन्हा बसवल्यावर ते वेगळे मागवावे लागतात. प्लेस्टेशन ५वर गेमच्या चौकटीवर उभं राहून ऑप्शन्स बटण दाबलं, की `Manage Game Content` ही ओळ दिसते. तिथे बसवलेले आणि बसवायचे राहिलेले भाग समोर येतात.

फाइल आहे, पण चौकटीवर कुलूप दिसतंय, तर गाडी परवान्यापाशी अडली आहे. त्यासाठी सेटिंग्जमध्ये `Restore Licenses` नावाची सोय असते. प्लेस्टेशन ५वर ती `Users and Accounts` मध्ये `Other` या भागात सापडते. ती चालवली, की कन्सोल सर्व्हरला विचारून खात्याचे सगळे परवाने नव्याने लिहून घेतो. यात काही पुन्हा विकत घ्यावं लागत नाही आणि सेव्हही पुसले जात नाहीत.

घरात एकाच कन्सोलवर दोघं खेळत असतील, तर आणखी एक गुंता होतो. डीएलसी दादाच्या खात्यावर घेतलेली असते आणि खेळायला बसते धाकटी बहीण, तिच्या खात्यावरून. दादाने प्लेस्टेशन ४ आपला 'प्रायमरी' कन्सोल म्हणून नोंदवलेला असेल, तर तिलाही ती चालते. प्लेस्टेशन ५वर याच व्यवस्थेचं नाव `Console Sharing and Offline Play` असं आहे. एका खात्याला ही सवलत एका वेळी एकाच प्लेस्टेशन ५वर मिळते. दादाने हॉस्टेलवरच्या नव्या कन्सोलवर ती सुरू केली, की घरचा कन्सोल आपोआप बाद होतो आणि बहिणीचे विस्तार एका रात्रीत 'उडतात'.

कोथरूडच्या गड्याने हे तिन्ही करून पाहिलं. खातं तेच, परवाने नवे करून झाले. विस्तारांच्या फाइलही उतरल्या, पण गेम त्यांना ओळखच देईना.

त्यात एक खूण होती. त्याचे जुने सेव्हही दिसत नव्हते. प्लेस्टेशनवर गेम उडवला तरी सेव्ह वेगळे राहतात आणि तोच गेम परत बसवला की पुन्हा सापडतात. कन्सोलवर असलेले सेव्ह सापडत नाहीत आणि डीएलसीही जोडली जात नाही, असं एकाच वेळी घडलं, तर संशय खात्यावर घेऊ नये, डिस्कवर घ्यावा.

त्याचं उत्तर डबीच्या कडेवर छापलेलं असतं. प्लेस्टेशन ४च्या अमेरिकी आणि युरोपीय डिस्कच्या डबीवर CUSA ही अक्षरं आणि पुढे पाच आकडे असतात. प्लेस्टेशन ५साठी ती अक्षरं PPSA अशी होतात. कन्सोल गेमला नावाने ओळखत नाही, या क्रमांकाने ओळखतो. एकाच गेमच्या अमेरिकी आणि युरोपीय आवृत्त्यांना सहसा वेगवेगळे क्रमांक मिळतात, आणि डीएलसी बांधलेली असते ती अशा एका क्रमांकाशी. स्टोअरमधल्या वस्तूच्या सांकेतिक नावाची सुरुवातही प्रदेशाप्रमाणे बदलते: अमेरिकेसाठी UP, युरोपसाठी EP, जपानसाठी JP. भारतातलं प्लेस्टेशन स्टोअर युरोपच्या गटात मोडतं. त्यामुळे भारतीय खात्यावर घेतलेले विस्तार युरोपीय डिस्कशी जुळतात. मामांनी आणलेली डिस्क मात्र अमेरिकी होती. माणसाच्या लेखी गेम एकच, कन्सोलच्या लेखी दोन.

क्रमांक ताडून पाहायला जुनी डबी हाताशी नसेल, तर मुखपृष्ठावरचा वयोगटाचा शिक्का पाहावा. अमेरिकी डबीवर अक्षर असतं, 'द विचर ३'वर M. युरोपीय डबीवर आकडा असतो, याच गेमवर १८.

प्लेस्टेशन ५ घेतलेल्यांना हाच प्रकार वेगळ्या वाटेने भेटतो. 'द विचर ३'ची प्लेस्टेशन ५ आवृत्ती डिसेंबर २०२२मध्ये आली आणि जुना गेम असणाऱ्यांना ती फुकट मिळाली. पण कन्सोलवर त्या दोन स्वतंत्र आवृत्त्या राहतात. एकीसाठी उतरवलेल्या विस्ताराच्या फाइल दुसरीला उपयोगी पडत नाहीत, त्या पुन्हा उतरवाव्या लागतात. आपण कोणती आवृत्ती सुरू केली आहे, ते आधी बघितलेलं बरं.

आता कोथरूडकराने काय करावं? खात्याचा देश बदलता येत नाही, सोनी तशी सोयच देत नाही. अमेरिकेचं दुसरं खातं उघडून तिथून विस्तार घेतले तर ते या डिस्कवर चालतील, पण पैसे दुसऱ्यांदा जातील आणि जुने सेव्ह तरीही मिळणार नाहीत. त्यापेक्षा १८चा शिक्का असलेली, जुन्या डिस्कच्याच क्रमांकाची वापरलेली प्रत मिळवणं स्वस्त पडतं. दोन्ही विस्तार एकत्र असलेली 'गेम ऑफ द इयर' आवृत्तीही बाजारात आहे, पण ती वेगळी विकली जाते, म्हणून तिच्याही कडेवरचा क्रमांक पाहूनच पैसे द्यावेत. योग्य डिस्क आत गेली, की खात्यातली २०१६ची नोंद कामाला येते, विस्तार फुकट उतरतात आणि गेमच्या मेनूत जुने सेव्ह दिसू लागतात. मामांची डिस्कही वाया जात नाही. न्यू जर्सीतल्या मामेभावाचं खातं अमेरिकी आहे, त्याच्या विस्तारांशी ती बिनबोभाट जुळेल.