स्टोअरचा ताबा देताना

कारखान्यातला इन्व्हेंटरी कंट्रोलर नोकरी सोडतो, तेव्हा त्याच्या जागी येणाऱ्याला साठ्याचे आकडे संगणकावर मिळतातच. त्यातला कुठला आकडा खरा मानू नये आणि का, हे मात्र जाणाऱ्याच्या डोक्यात असतं. हँडओव्हर नोट लिहायची ती त्यासाठी.

चाकण-भोसरीकडच्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या मध्यम कारखान्याचं उदाहरण घेऊ. 40 मिलिमीटर व्यासाचे, 6 मीटर लांबीचे 20 गोल बार कापून द्यायला बाहेरच्या जॉबवर्करकडे गेले. चलनावर वजन 1185 किलो. परत आले 820 तुकडे, प्रत्येकी 140 मिलिमीटरचे. एका तुकड्याला 1.383 किलो माल लागतो असं संगणकात भरलेलं असल्याने खात्यातून 1134 किलो वजा झाले. उरलेले 51 किलो अजून जॉबवर्करकडे आहेत, असं पुस्तक म्हणतं. तो म्हणतो, माझ्याकडे एकही बार नाही.

बऱ्याच नोट्समध्ये अशा वेळी ‘51 किलो फरक, पाठपुरावा चालू’ एवढीच ओळ असते. तिचा नव्या माणसाला काडीचा उपयोग नाही. करवतीचं पातं दर कापाला 3 मिलिमीटर खातं, म्हणजे एका तुकड्यामागे 143 मिलिमीटर बार जातो. 6 मीटरमध्ये 41 तुकडे बसतात आणि शेवटी 137 मिलिमीटरचं टोक उरतं, बेचाळिसाव्या तुकड्याला थोडक्यात कमी पडणारं. दर बारमागे भुसा आणि टोक मिळून सुमारे 2.57 किलो, म्हणजे वीस बारमागे 51 किलो. चोरी झालेली नाही, वजनकाट्याचाही दोष नाही. तुकड्यामागचं वजन भरणाऱ्याने कापातली घट धरलीच नव्हती. तो आकडा 1.445 केला, की पुढच्या चलनांना हा फरक पडणार नाही.

पण जुनं चलन तेवढ्याने मिटत नाही. यात साधारण 27 किलो टोकं आहेत. ती डोळ्यांना दिसतात, भंगारात विकली जातात, म्हणून ती परत आली की तिकडेच गेली हे लिहून हवं. जॉबवर्कर जीएसटीत नोंदलेला असेल तर कर भरून त्याला हे भंगार स्वतःच्या जागेवरून विकता येतं. बाकीचा भुसा घट म्हणून दाखवायचा. आयटीसी-04 या विवरणपत्रात त्यासाठी रकाना असतो. घाई अशासाठी, की केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 143 नुसार जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एक वर्षात परत यावा किंवा तिथूनच विकला जावा लागतो. नाहीतर पाठवला त्याच दिवशी तो जॉबवर्करला पुरवला असं धरतात, आणि कर व्याजासकट गळ्यात पडतो. म्हणून प्रत्येक उघड्या चलनापुढे त्याचं वर्ष कधी भरतं ती तारीख, जॉबवर्करकडे प्रत्यक्ष जाऊन काय पाहिलं आणि काय पाहायचं राहिलं, हे हवं. ‘टोकं पाहिली, वजन केलं नाही’ असं प्रामाणिक वाक्य नव्या माणसाचा एक दिवस वाचवतं.

रोजच्या कामांत माझ्या मते क्रम सगळ्यात महत्त्वाचा, आणि नोटमध्ये नेमका तोच सुटतो. सकाळी आल्यावर आधी गेटचं आवक रजिस्टर आणि जीआरएन ताडून पाहायचे: फाटकातून आत आला, पण संगणकात जमा झाला नाही असा माल कोणता? मग रात्रपाळीच्या इश्यू स्लिप चढवायच्या. त्यानंतर निगेटिव्ह साठ्याची यादी. रॅक मोजायचे ते हे सगळं झाल्यावर. नाहीतर मोजणीत निघालेला फरक खरा की राहिलेल्या नोंदीचा, हे कळत नाही.

निगेटिव्ह साठा म्हणजे संगणकाच्या मते शिल्लक शून्याच्याही खाली. समजा, संध्याकाळी 200 बेअरिंग आले, जीआरएन राहिला आणि रात्रपाळीने त्यातले 40 नेले. खात्यात आधी काहीच नव्हतं, म्हणून सकाळी उणे 40 दिसतात. उत्पादनवाले मागे लागलेले असतात, तेव्हा 40 ची अॅडजस्टमेंट टाकून मोकळं होण्याचा मोह होतो. दुपारी जीआरएन झाला की खात्यात 200 दिसतात, रॅकवर मात्र 160 असतात. आता हा फरक कुठून आला, हे महिनाअखेरीला कुणालाही सांगता येत नाही. जाणाऱ्याने अशा अॅडजस्टमेंट केल्या असतील, तर त्यांची यादी नोटला जोडलेली बरी. ती देताना अवघड वाटतं, पण नव्या माणसाला तीच सगळ्यात जास्त लागते.

ताबा देण्याच्या दिवशी महागडे आयटम दोघांनी मिळून मोजावेत आणि तारीख, वेळ घालून सह्या कराव्यात. वेळ विशेष जपावी. दुपारी तीनला मोजणी झाली आणि पाचला ट्रक आला, तर त्याचा माल नव्या माणसाच्या खात्यात. आलेला, पण तपासणीत अडकलेला माल वेगळा लिहावा. तो रॅकवर नसतो, पण कारखान्यात असतो, आणि पुढच्या ऑडिटला त्याच्याबद्दल नव्याच माणसाला विचारतात.