गजाचा कंप

व्यासपीठावर पाऊल ठेवताच तरुण व्हायोलिनवादकाची बोटे गार पडतात, घशाला कोरड लागते आणि लांब स्वर धरला की गज तारेवर थरथरू लागतो. या अवस्थेवरील इलाजाचा एक शोध देहाच्या अंगाने झाला. १९७७ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ तंतुवादकांना हृदयाची धडधड आवरणारे ऑक्सप्रेनोलॉल आणि औषधरहित गोळी आळीपाळीने देण्यात आली, आणि कोणास केव्हा काय मिळाले याचा सुगावा वादकांस वा परीक्षकांस लागू दिला नाही. औषधाने वादन सुधारले, परंतु ते विशेषतः अधिक घाबरणाऱ्यांचे, आणि पहिल्या खेपेस. दुसऱ्या खेपेस औषधाचे काम कमी का पडले, याचे कारण मला गोळीपेक्षा प्रसंगाशी झालेल्या परिचयात दिसते. शिवाय दम्याच्या रोग्यास या जातीची औषधे घातक ठरू शकतात, म्हणून वैद्याच्या सल्ल्यावाचून ती विद्यार्थ्याच्या हाती पडू नयेत.

दुसरा शोध मनाच्या अंगाने झाला. १९८२ साली ५३ पियानोवादकांवर झालेल्या अभ्यासात काहींना मनातील विचार बदलण्याचे शिक्षण मिळाले, काहींना श्रोत्यांपुढे वादनाचा सराव, तर काहींना तूर्त प्रतीक्षेतच ठेवले. पहिल्या दोन्ही गटांची अवस्था तिसऱ्याहून बरी ठरली. पुढे १९९७ साली लब्लँक आणि सहकाऱ्यांनी २७ शालेय बँडवादकांना प्रथम एकांतात, मग एका श्रोत्यापुढे, शेवटी सवंगड्यांच्या मेळाव्यात आणि ध्वनिमुद्रणासह वाजवावयास सांगितले, तेव्हा स्वतः सांगितलेली धास्ती पायरीपायरीने चढली.

शिक्षकाला उपयोगी पडते ती हीच पायरी. मैफिलीच्या काही आठवडे आधी विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रकापुढे, मग घरच्या एका माणसापुढे, मग सहाध्यायांपुढे अन् अखेर प्रत्यक्ष सभागृहात रचना अथपासून इतिपर्यंत न थांबता वाजवावी, आणि एका टप्प्यावर भीती उतरणीस लागल्यावाचून पुढला टप्पा मुक्रर करू नये. त्याच्या जोडीस रचनेतील चार-पाच ठिकाणांहून एकदम वादन सुरू करण्याची तजवीज हवी. रचना केवळ आरंभापासूनच पाठ केलेला विद्यार्थी मध्येच अडखळला की त्याला परत मुळारंभी जावे लागते, आणि त्या भीतीनेच तो पुन्हा अडखळतो. वादनापूर्वी जिना धावत चढून, हृदय धडधडत असतानाच गज लावण्याचा सराव काही शिक्षक करवितात. मला तो विचित्र वाटतो, पण धडधडीतही वाजवण्याची सवय व्हावी हा त्यातला हेतू रास्त आहे.

ऑस्बोर्न आणि केनी यांनी २००८ साली २९८ किशोरांना आपले सर्वांत वाईट वादन लिहावयास सांगितले. त्या हकिकतीत ज्यांनी स्वतःविषयीचे प्रतिकूल विचारही नोंदले, त्यांची चिंता अधिक आढळली. म्हणून चुकलेल्या वादनानंतर लगेच दोषांची फेरिस्त हाती देणारा शिक्षक पुढल्या मैफिलीची भीती आपणच पेरीत असतो. मात्र मूल वारंवार आजाराचे निमित्त सांगून मैफल टाळू लागले, किंवा त्याची झोप उडाली, तर शिकवणीच्या खोलीतले उपाय पुरत नाहीत आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये.