विश्लेषण : गांजाने झोप लागते, मग महिन्यांनंतर तीच का बिघडते?

कृषिपंपाला रात्रीच्या पाळीत वीज मिळाली की मोटार सुरू करायला शेतकऱ्याला मध्यरात्री उठावे लागते. समजा, अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावातल्या एका शेतकऱ्याची झोप अशी मोडली आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने रात्री गांजा ओढायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात त्याला लवकर झोप लागली. सहा महिन्यांनी मात्र त्याशिवाय डोळा लागेना. हे कसे घडते?

रात्री मेंदूत काय होते?

झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी येते. प्रत्येक फेरीत आधी गाढ झोप आणि शेवटी ‘रेम’ झोप असते. तीत बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात. प्रौढांच्या झोपेचा सुमारे 20 ते 25 टक्के भाग रेमचा असतो आणि त्यातला बराचसा पहाटेकडे येतो. भावनांचा निचरा आणि स्मरण यांच्याशी ही झोप जोडलेली आहे.

गांजा कुठे आड येतो?

गांजातील टीएचसी हा घटक मेंदूतील कॅनाबिनॉइड ग्राहकांना चिकटतो. त्यामुळे सुरुवातीला झोप लवकर लागते, पण रेम कमी होते. अमेरिकेत 1975 मध्ये झालेल्या फाइनबर्ग यांच्या प्रयोगात मोठ्या मात्रेच्या टीएचसीने रेम घटली आणि ते बंद करताच ती उसळून वाढली. मात्र कमी मात्रेत परिणाम इतका स्पष्ट दिसतोच असे नाही.

महिन्यांनंतर काय बदलते?

रोजच्या वापराने हे ग्राहक बोथट होतात. लवकर झोप लागण्याचा फायदा ओसरतो, म्हणून मात्रा वाढते. मग एखाद्या रात्री गांजा मिळाला नाही, की दबलेली रेम उसळते. भयानक स्वप्ने पडतात, घाम येतो, वारंवार जाग येते. शेतकऱ्याला वाटते, ‘बघा, जुना निद्रानाश परत आला.’ प्रत्यक्षात ही गांजा सुटल्याची लक्षणे असतात. ती पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होतात आणि आठवडाभरात तीव्र होतात. बहुतेक त्रास दोन आठवड्यांत ओसरतो, पण विचित्र स्वप्ने आणखी काही आठवडे पडू शकतात. नेमक्या या काळात पुन्हा झुरका घेतला की चक्र नव्याने सुरू होते.

ओळखायचे कसे?

आठ तास झोपूनही सकाळी डोके जड राहणे, स्वप्ने आठवेनाशी होणे, मात्रा वाढत जाणे आणि एक रात्र खंड पडताच झोप उडणे, या चार खुणा एकत्र दिसल्या तर आधार वाटणारी गोष्टच झोप मोडते आहे, असा संशय घ्यावा.

मग उपाय काय?

या शेतकऱ्याचे मूळ दुखणे बिघडलेल्या वेळापत्रकात आहे. रात्रपाळी नसलेल्या आठवड्यात उठण्याची वेळ एकच ठेवणे आणि झोप आल्यावरच अंथरुणाला पाठ टेकणे, हे निद्रानाशाच्या वर्तन-उपचारातले पहिले धडे आहेत. सोडताना त्रास होत असेल तर डॉक्टरांना वापराची खरी मात्रा सांगावी. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.