खांब किती भार पेलतो आणि भार कुठे टेकतो

विटांचा खांब उभा करताना घरमालक सहसा एकच प्रश्न विचारतात: हा किती वजन पेलेल? ते वजन खांबावर नेमके कुठे बसणार आहे, हे फार थोडे लोक विचारतात. तेच वजन खांबाच्या मधोमध ठेवले तर खांब पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो, आणि तेच वजन एक वीतभर बाजूला सरकवले तर एका बाजूचे सांधे उघडतात आणि दुसऱ्या बाजूच्या विटा चिरडू लागतात. वजन तेवढेच आणि खांबही तोच, फरक फक्त जागेचा.

घराच्या पडवीतला एक खांब घेऊ. दोन विटांचा, म्हणजे अठरा इंची, चारी बाजूंनी सुमारे ४५ सेंटीमीटर. आतल्या बाजूने एक बीम येऊन या खांबावर टेकतो आणि स्लॅबचा ८,१०० किलो भार त्यावर सोडतो. खांबाच्या माथ्याचे क्षेत्रफळ ४५ गुणिले ४५, म्हणजे २,०२५ चौरस सेंटीमीटर. भार अगदी मध्यावर असेल तर तो सगळीकडे सारखा वाटला जातो आणि प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर ४ किलो दाब येतो. बऱ्यापैकी विटा आणि सिमेंटचा मसाला असला तर अशा बांधकामाला साधारण ५ ते १० किलोपर्यंत दाब चालतो. म्हणजे खांब निर्धास्त.

आता भार आतल्या कडेकडे सरकवा. अभियंते त्याला उत्केंद्री भार म्हणतात, कारण तो केंद्रापासून ढळलेला असतो. खांब जणू त्या बाजूला किंचित झुकू पाहतो, म्हणून आतल्या कडेचा दाब वाढतो आणि बाहेरच्या कडेचा कमी होतो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हा दाब सरळ उतारासारखा बदलत जातो. भार आणखी सरकवत नेला की एक क्षण असा येतो की बाहेरच्या कडेचा दाब शून्य होतो. तो क्षण कधी येतो, याचे उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे.

एका कडेला शून्य आणि दुसऱ्या कडेला सर्वांत जास्त, अशा दाबाचे चित्र काढले तर त्रिकोण मिळतो. विटांकडून वर येणारी सगळी प्रतिक्रिया या त्रिकोणाच्या गुरुत्वमध्यात एकवटली आहे असे मानता येते, आणि असा गुरुत्वमध्य जाड कडेपासून एकतृतीयांश अंतरावर असतो. वरचा भार आणि खालची प्रतिक्रिया एकाच रेषेत नसतील तर समतोल साधणार नाही. म्हणून भार कडेपासून एकतृतीयांश अंतरावर आला, की पलीकडच्या कडेचा दाब बरोबर शून्य झालेला असतो. दोन्ही बाजूंनी हाच हिशेब लागू होतो, आणि उरतो मधला तिसरा हिस्सा. भार त्या हिश्शात असेपर्यंत खांबाच्या कुठल्याही भागात दाबच असतो, ताण कुठेच नसतो. आपल्या खांबात हा हिस्सा १५ सेंटीमीटर रुंद, म्हणजे मध्यापासून इकडे साडेसात आणि तिकडे साडेसात. भार त्या सीमेवर आला की आतल्या कडेला ८ किलो आणि बाहेरच्या कडेला शून्य. सरासरी ४ किलोच राहते, पण कडेचा दाब दुप्पट होतो.

सीमा ओलांडली की काय होते? लोखंडाच्या तुकड्यात बाहेरच्या कडेला ताण आला असता आणि धातूने तो पेलला असता. विटा आणि मसाला यांच्या सांध्याची ताण सोसण्याची ताकद इतकी थोडी आणि इतकी बेभरवशाची असते, की ती शून्य धरूनच हिशेब करणे शहाणपणाचे. तेव्हा सांधा सरळ उघडतो. उघडलेला भाग भार घेण्याच्या कामातून बाद होतो आणि उरलेल्या भागाला सगळे ओझे उचलावे लागते.

समजा बीम खांबावर आतल्या कडेपासून फक्त १५ सेंटीमीटर टेकवला आहे. बांधकामावर हे सर्रास दिसते. मग भाराचा मध्य कडेपासून साडेसात सेंटीमीटरवर, म्हणजे मधल्या हिश्शाच्या बराच बाहेर. आता दाबाचा त्रिकोण पूर्ण ४५ सेंटीमीटरभर पसरूच शकत नाही. त्याचा गुरुत्वमध्य भाराखालीच हवा, म्हणून त्याचा पाया कडेपासूनच्या अंतराच्या तिप्पट, म्हणजे साडेबावीस सेंटीमीटर. अर्धा खांब रिकामा! उरलेल्या अर्ध्यावर सरासरी ८ आणि कडेला १६ किलो दाब येतो. मध्यावर ४ किलो असलेला तोच भार आता चौपट दाब देतो आणि विटांची मर्यादा ओलांडतो. भार कडेपासून ४ सेंटीमीटरवर गेला तर काम करणारी पट्टी १२ सेंटीमीटरच उरते आणि कडेचा दाब ३० किलोवर जातो. सीमेच्या आत दाब हळूहळू वाढतो, पण बाहेर गेल्यावर तो असा झपाट्याने चढतो. मला या नियमातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

याच हिशेबातून एक चकित करणारी गोष्ट निघते. त्या साडेसात सेंटीमीटरवर टेकलेल्या बीमच्या खांबावर, बरोबर मधोमध, वरच्या मजल्याच्या भिंतीचा आणखी ८,१०० किलो भार ठेवला तर? एकूण भार दुप्पट झाला. पण दोन्ही मिळून भाराचा मध्य खांबाच्या मध्यापासून साडेसात सेंटीमीटरवर आला, म्हणजे बरोबर मधल्या हिश्शाच्या सीमेवर. सरासरी दाब ८, कडेला १६, पलीकडे शून्य. म्हणजे भार दुप्पट होऊनही कडेचा दाब जराही वाढला नाही आणि उघडलेला सांधा मिटला. युरोपातल्या जुन्या गॉथिक चर्चच्या आधारखांबांवर दगडी शिखरे चढवलेली असतात. ती शोभेची आहेत खरी, पण आडव्या रेट्याला खाली वळवून मध्याकडे आणण्याचे कामही ती करतात. उलट, जुन्या वाड्याचा वरचा मजला उतरवताना खालच्या खांबावरचे ओझे हलके झाले म्हणून निश्चिंत होऊ नये. आतून टेकलेले बीम तसेच राहिले आणि वरची भिंत गेली, तर खांबाचा सांधा त्या दिवसापासून उघडू लागतो. अशा वेळी बीमखाली टेकू हवेत, आणि तेही भिंत उतरवण्याच्या आधी.

खांबाचे स्वतःचे वजनही मध्याकडेच ओढते. तीन मीटर उंचीच्या आपल्या खांबाचे वजन अकराशे किलोच्या आसपास. त्यामुळे माथ्याशी भार मध्यापासून १५ सेंटीमीटर ढळला असेल तर तळाशी तो साधारण १३ सेंटीमीटरच ढळलेला असतो. म्हणून भेगा आधी वरच्या थरांत शोधाव्यात. त्या ओळखायच्या कशा? बाहेरच्या, म्हणजे बीमच्या उलट बाजूला, विटांच्या थरांमधून जाणारी केसासारखी आडवी रेघ गिलाव्यात दिसते. तिथे नुसता नवा गिलावा मारला तर ती काही महिन्यांत पुन्हा उमटते. आतल्या बाजूला खूण वेगळी असते: बीमखालच्या विटांच्या कडा फुटतात, उभ्या चिरा पडतात, कोपऱ्यांचे टवके निघतात. आडवी रेघ आणि समोरासमोर उभी चीर, अशी जोडी दिसली तर भार मधल्या हिश्शाबाहेर गेल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. ओळंबा सोडून खांब झुकला आहे का तेही पाहावे.

उपाय बहुतेकदा बांधतानाच करायचा असतो. बीम खांबाच्या पूर्ण रुंदीभर टेकवावा. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: भार आल्यावर बीम मधोमध वाकतो, त्याचे टोक आतल्या कडेवर दाबले जाते आणि बाहेरच्या बाजूला उचलले जाते. त्यामुळे पूर्ण टेकलेला बीमदेखील मधल्या हिश्शाच्या सीमेपर्यंत पोहोचू शकतो. बीमखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक घालतात तो टेकलेल्या जागेचा स्थानिक दाब पसरवण्यासाठी. विटा चिरडण्यापासून तो वाचवतो, पण भार कडेलाच टेकला असेल तर नुसत्या ब्लॉकने तो मध्यावर येत नाही. ब्लॉकच्याही मधोमध टेकवला तरच येतो.

कोपऱ्यावरच्या खांबाला मात्र या नियमाचे नावच फसवते. तिथे बीम दोन दिशांनी येतात आणि भार कोपऱ्याकडे तिरका सरकतो. तेव्हा सुरक्षित जागा मधला चौकोन नसून उभा ठेवलेला शंकरपाळ्याचा आकार असतो. त्याची टोके दोन्ही मध्यरेषांवर साडेसात सेंटीमीटरवर, पण कर्णाच्या दिशेने तो केवळ ५.३ सेंटीमीटरपर्यंतच पोहोचतो. गोल खांबात हिस्सा तिसरा नसून चौथा: मध्यापासून व्यासाच्या एकअष्टमांशापर्यंतच भार चालतो. शिवाय हे सगळे आखूड खांबाचे. उंची रुंदीच्या बारापटीहून जास्त झाली की खांब स्वतःच वाकतो, आणि त्या वाकण्याने भार आणखी ढळतो. सळ्या असलेल्या काँक्रीटच्या खांबाला ताणाची भीती नसते, कारण सळ्या तो घेतात.

या नियमाचा मुंबईशी जुना संबंध आहे. मुंबई नगरपालिकेचे अभियंते कॅप्टन टुलक यांनी शहराच्या पाणीयोजनेसाठी ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम रँकिन यांना दगडी धरणांच्या आकाराबद्दल विचारले. रँकिन यांचा अहवाल १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. धरण म्हणजे पाण्याच्या रेट्याने बाजूला ढकलला जाणारा एक बुटका, रुंद खांबच. धरण रिकामे असताना वजनाची रेषा पाण्याच्या बाजूला सरकते, भरले की पलीकडे. रँकिन यांनी सांगितले की दोन्ही वेळी ही रेषा प्रत्येक पातळीवर मधल्या हिश्शातच राहिली पाहिजे, म्हणजे दगडी बांधकामात ताण येणार नाही.

पण धरणाला हेही पुरले नाही. फ्रान्समध्ये एपिनालजवळचे बूझे येथील धरण २७ एप्रिल १८९५ रोजी फुटले आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. भिंतीचा वरचा सुमारे दहा मीटर उंचीचा भाग सपाट भेगेवरून तुटून वाहून गेला. भिंत बारीक होती, पाण्याकडच्या बाजूचे सांधे उघडले, आणि उघडलेल्या सांध्यात पाणी शिरून ते वरच्या बांधकामाला खालून उचलू लागले. पडवीच्या खांबात भेग नुसती रिकामी असते. धरणाच्या भेगेत मात्र पाणी भरते, ते दाब देते आणि भेग आणखी आत नेते. त्याच वर्षी मोरिस लेव्ही यांनी कडक अट सुचवली: पाण्याकडच्या कडेला दाब शून्य असून भागणार नाही, तो त्या खोलीवरच्या पाण्याच्या दाबाहून कमी असता कामा नये. दहा मीटर खोलीवर पाणी प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर १ किलो दाब देते. म्हणजे तेवढ्या खोलीवर वजनाची रेषा मधल्या हिश्शाच्या सीमेवर ठेवता येत नाही. ती इतकी आत हवी, की पाण्याकडच्या दगडांवर किमान तो १ किलो दाब कायम राहील.