लिफ्टच्या बॅटरीचं आयुष्य कशावर ठरतं?

एका गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लिफ्टच्या बॅटऱ्या बदलायचा विषय निघाला, तेव्हा सचिवांनी सभासदांपुढे केलेलं हे भाषण.

सभासद बंधू-भगिनींनो, बॅटऱ्यांसाठी तीन कोटेशनं आली आहेत आणि सर्वांत महाग कोटेशन सर्वांत स्वस्ताच्या जवळपास तिप्पट आहे. हात वर करण्याआधी हा फरक कशाचा आहे, ते समजून घ्या.

मशीन रूममध्ये एआरडी नावाची पेटी आहे. वीज गेली की ती काही सेकंद थांबते, लिफ्ट बॅटरीवर सावकाश जवळच्या मजल्यावर आणते आणि दरवाजा उघडते. तिचं काम एवढंच. या पेटीत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात, प्रत्येक १८ एएचची. समजा, लिफ्ट मजल्यावर आणायला २० अँपिअर करंट ४० सेकंद लागला, तर पाव एएचसुद्धा खर्च होत नाही. चार्ज केलेल्यातला सव्वा टक्का फक्त.

म्हणून ‘आमची बॅटरी २००० वेळा चार्ज होते’ असं विक्रेता सांगतो, तेव्हा तो आकडा खरा असला तरी आपल्या उपयोगाचा नाही. आपली बॅटरी वापरून झिजत नाही. ती वर्षानुवर्षं चार्जरला लागून उभी असते आणि मरते ती उष्णतेनं.

आपली मशीन रूम गच्चीवर, पत्र्याखाली आहे. साध्या सीलबंद, म्हणजे एसएमएफ बॅटरीचं आयुष्य कंपनी साधारण २५ अंश तापमान धरून सांगते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की ते जवळपास निम्मं होतं. तिथं चार वर्षं टिकणारा संच ३५ अंशांत दोनच वर्षं टिकेल. आठ वर्षांचा हिशेब करा: थंड खोलीत दोन संच, तापलेल्या खोलीत चार. त्यामुळे बॅटरी कुठलीही घ्या, आधी एक्झॉस्ट फॅन बसवा आणि पेटी उन्हाच्या भिंतीपासून हलवा, असं माझं ठाम मत आहे.

आता तीन पर्याय. ट्युब्युलर बॅटरी घरच्या इन्व्हर्टरला उत्तम आणि टिकतेही जास्त. पण तिला दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. कोंदट मशीन रूममध्ये तो साठणं धोक्याचं. शिवाय पाणी घालायला गच्चीवर नियमानं जाणार कोण? मी तो पर्याय बाद धरतो.

लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, आठ-दहा वर्षं टिकू शकते, उष्णता एसएमएफपेक्षा बरी सोसते, पाणी लागत नाही. पण जुन्या चार्जरवर ती नुसती जोडता येत नाही. चार्जिंगचा व्होल्टेज तिला जुळावा लागतो, आणि लिफ्ट सुरू होताना करंट एकदम वाढला तर तिच्यातलं संरक्षक सर्किट पुरवठा तोडू शकतं. एआरडी बनवणाऱ्या कंपनीनं ‘ही चालेल’ असं लेखी दिलं, तरच ती घ्यावी. आपल्याकडे आलेल्या कोटेशनसोबत तसं पत्र नाही.

राहिली एसएमएफ. स्वस्त आहे, आहे त्या चार्जरवर चालते. तिला ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणतात, पण पाणी घालायचं नाही एवढाच त्याचा अर्थ. तपासणी चुकत नाही.

ही तपासणी कशी करायची ते सांगतो, कारण नुसतं मीटर लावून फसायला होतं. पडून असलेली मेलेली बॅटरीसुद्धा १२.६ व्होल्ट दाखवू शकते. म्हणून दर महिन्याला मेकॅनिकनं रिकाम्या लिफ्टचा मेन पुरवठा बंद करायचा आणि एआरडी चालू असताना चारही बॅटऱ्यांचा व्होल्टेज एकेक करून मोजायचा. तीन बॅटऱ्या बारावर आणि एक अकराच्या खाली घसरली, तर दोष त्या एकीत आहे. त्याच वेळी पाहायचं, की लिफ्ट मजल्याशी नीट लागली का, दरवाजा पूर्ण उघडला का. फुगलेली बॅटरी दिसली, तर चाचणीची वाट न पाहता ती काढायची.

एकच कमजोर निघाली, तरी जुन्या संचात फक्त एक नवी घालू नये. जुन्या आणि नव्या बॅटऱ्या सारख्या चार्ज होत नाहीत, आणि नवीही लवकर जाते. चारही एकदम बदला, एकाच कंपनीच्या, जवळपास एकाच तारखेच्या. उत्पादनाची तारीख केसवर छापलेली किंवा कोडमध्ये असते. दुकानात सहा महिने चार्ज न करता पडलेली बॅटरी स्वस्तात मिळाली, तरी परत पाठवायची. जुन्या मात्र भंगारवाल्याला न देता विक्रेत्यालाच परत द्यायच्या. शिशाची किंमत बिलातून वजा होते.

तेव्हा माझा ठराव असा: दोन्ही लिफ्टना एसएमएफचे पूर्ण संच, सोबत एक्झॉस्ट फॅन, आणि लिफ्टच्या वार्षिक करारात दर महिन्याच्या एआरडी चाचणीची लेखी नोंद. करारातून बॅटऱ्या वगळल्या आहेत, हे आपण वाचलेलं आहे, म्हणून तो खर्च आपलाच. सूचक आणि अनुमोदकांनी नावं द्यावीत, आणि नोंदवही दर महिन्याला पाहायला दोन सभासदांनी आजच पुढे यावं.