सीसॅटमध्ये किती बरोबर हवेत?

यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतला सीसॅटचा पेपर फक्त पास व्हायचा असतो. प्रश्न 80, प्रत्येकाला अडीच गुण, एकूण 200. त्यातले 33 टक्के, म्हणजे 66 गुण मिळाले की झालं. 27 प्रश्न बरोबर आले की साडेसदुसष्ट होतात, असा हिशेब बरेच विद्यार्थी करतात. तो खरा आहे, पण चुका जवळपास नसतील तरच. एका चुकीला अडीच गुणांचा तिसरा हिस्सा, म्हणजे 0.83 गुण कापला जातो. 27 बरोबर आणि एक चूक असेल तर 66.67 उरतात. दुसरी चूक झाली की 65.83, आणि विद्यार्थी नापास!

म्हणून किती बरोबर हवेत, हे आपण किती प्रश्न सोडवले त्यावर ठरतं. 50 सोडवले तर 33 बरोबर लागतात: 82.5 गुणांतून 17 चुकांचे 14.17 वजा होऊन 68.33 उरतात. 32 बरोबर आणि 18 चूक असतील तर हाती बरोबर 65 येतात, एका गुणाने हुकतं. सगळे 80 सोडवले तर 40 बरोबर हवेत. म्हणजे चार प्रश्न जास्त सोडवले की साधारण एक बरोबर उत्तर जास्त लागतं.

अंदाजाने उत्तर द्यावं की नाही, हे इथेच कळतं. चार पर्यायांपैकी काहीच माहीत नसेल, तर चार तुक्क्यांत सरासरी एक लागतो आणि तीन चुका त्याचे गुण खाऊन टाकतात. फायदा शून्य. पण ही सरासरी झाली. चारही तुक्के चुकून 3.33 गुण जाण्याची शक्यता जवळजवळ 32 टक्के आहे. उंबरठ्यावरच्या विद्यार्थ्याला तेवढ्याने पेपर गमवावा लागेल. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर मात्र प्रत्येक प्रश्नामागे सरासरी 0.28 गुण मिळतो, दोन बाद झाले तर 0.83. असे प्रश्न भीतीपोटी सोडणं मला चूक वाटतं.

खरी अडचण ‘खात्रीने’ या शब्दात आहे. पेपर काढणारे जवळजवळ खरा वाटणारा पर्याय मुद्दाम ठेवतात आणि घाईत बरोबर उत्तरच बाद होतं. मग उरलेल्या दोघांत कितीही विचार केला तरी चूकच. हे सराव परीक्षेत पकडता येतं. खात्रीच्या, दोन पर्यायांत अडकलेल्या आणि निव्वळ तुक्क्याच्या उत्तरांपुढे वेगवेगळ्या खुणा करा आणि तपासताना तिन्हींचा हिशेब वेगळा मांडा. दोन पर्यायांत अडकलेल्या प्रश्नांपैकी निम्मे बरोबर यायला हवेत. काही पेपरांच्या बेरजेतही ते चौथ्या हिश्श्याच्या आसपास रेंगाळत असतील, तर बाद करण्याची पद्धतच चुकते आहे. ती सुधारेपर्यंत असे प्रश्न कोरे ठेवलेले बरे.